बारा किल्ले, दोन रकाने

युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा, जिंजी, थेट तामिळनाडूत. यादी वाचताना ही बारा नावं एकाखाली एक नुसती उभी असतात. नकाशावर मांडली की चार किल्ले कोकणच्या किनाऱ्याला दिसतात, सात साल्हेरपासून पन्हाळ्यापर्यंत डोंगररांगांत आणि जिंजी दूर दक्षिणेत एकटा. यादीचा असा नकाशा घरच्या संगणकावर फुकट करता येतो. त्यासाठी एक्सेल किंवा गूगल शीटमधला तक्ता आणि गूगलचं ‘माय मॅप्स’ एवढं पुरतं.

तक्ता असा असावा:

```
नाव,lat,lon,प्रकार
रायगड,18.2336,73.4406,गिरिदुर्ग
सिंधुदुर्ग,16.043,73.461,जलदुर्ग
जिंजी,12.25,79.40,गिरिदुर्ग
```

पहिली ओळ रकान्यांच्या नावांची. पुढे प्रत्येक किल्ल्याला एक ओळ, अक्षांश एका रकान्यात आणि रेखांश दुसऱ्या. आकडे इंग्रजी अंकांतच लिहावेत. एखाद्या जागेचे आकडे हाताशी नसतील तर संगणकावर गूगल मॅप्स उघडून त्या जागेवर माउसचं उजवं बटण दाबलं की यादीत सर्वांत वर ते दिसतात. त्यांवर क्लिक केलं की कॉपी होतात.

मग mymaps.google.com उघडून नवा नकाशा घ्यायचा, Import दाबायचं आणि फाइल निवडायची. जागा कोणत्या रकान्यांवरून ठरवायची, हे तिथे विचारलं जातं. lat वर खूण करून Latitude सांगायचं, lon वर खूण करून Longitude. त्यानंतर पिनांना नाव कोणत्या रकान्यातून द्यायचं, असा प्रश्न येतो, तिथे ‘नाव’. Finish दाबलं की पिना नकाशावर उतरतात.

उतरतात, पण कुठे, हे बघायलाच हवं. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल ही नवख्यांची नेहमीची चूक. रायगडाचे आकडे उलटे गेले, तर पिन ७३ अंश उत्तर आणि १८ अंश पूर्व इथे जाते, म्हणजे नॉर्वेच्याही उत्तरेला, भर समुद्रात. महाराष्ट्रातले बाकीचे किल्लेही त्याच्याच आसपास जमतात आणि जिंजी आणखी वर, स्वालबार्ड बेटांवर जाऊन बसतो. एवढी मोठी चूक लपत नाही, हेच त्यातलं बरं. महाराष्ट्रापुरती खूणगाठ सोपी आहे: अक्षांश साधारण १५ ते २२ आणि रेखांश ७२ ते ८१. पिन आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात दिसली, तर त्या ओळीत दोन्हीकडे शून्य पडलेलं असतं.

खरी फसवी चूक वेगळीच आहे. जुन्या पुस्तकांत आणि नकाशांवर अंश-मिनिटं-सेकंद असतात. रायगड म्हणजे १८ अंश १४ मिनिटं १ सेकंद उत्तर, ७३ अंश २६ मिनिटं २६ सेकंद पूर्व. घाईत कुणी ते 18.1401 आणि 73.2626 असं लिहून टाकतो. पिन रायगड जिल्ह्याच्याच परिसरात पडते, म्हणून संशयही येत नाही. प्रत्यक्षात ती गडापासून वीसेक किलोमीटर नैर्ऋत्येला सरकलेली असते. एका अंशाची मिनिटं साठ असतात, शंभर नव्हेत. त्यामुळे मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून मगच अंशांत मिळवायचं. अंश, मिनिटं, सेकंद A, B, C रकान्यांत असतील, तर सूत्र हे:

```
=A2+B2/60+C2/3600
```

उत्तर 18.2336 येतं. दशांशानंतर चार अंक असले की जागा दहा-अकरा मीटरपर्यंत नेमकी धरता येते. दोनच ठेवले, वरच्या जिंजीच्या ओळीसारखे, तर सुमारे एका किलोमीटरचा घोळ होऊ शकतो. इथे एक्सेल दगा देऊ शकतं: चौकटीत दोनच अंक दिसत असतील, तर सीएसव्ही फाइलमध्येही दोनच उतरतात. म्हणून जतन करण्याआधी दशांशस्थळं वाढवून घ्यावीत आणि फाइलचा प्रकार CSV UTF-8 निवडावा. साधा CSV निवडला, तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

पिना जागेवर बसल्या की Uniform style वर जाऊन ‘प्रकार’ हा रकाना निवडावा. जलदुर्ग एका रंगात, गिरिदुर्ग दुसऱ्या, असे वेगळे होतात आणि खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग लगेच उठून दिसतात. एका वेळी दोन हजार ओळीच घेता येतात, पण हौशी कामाला तेवढ्या भरपूर होतात. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी लागते. नकाशात तक्त्याची प्रत जाते, मूळ तक्ता जोडलेला राहत नाही. उद्या शीटमध्ये साल्हेरचा आकडा सुधारला, तरी नकाशावरची पिन जुन्याच जागी असते, आणि फाइल पुन्हा चढवावी लागते.