बिबची मागची बाजू

धर्मादाय दहा किलोमीटर दौडीच्या सूचनेत लोक तारीख आणि शुल्क तेवढं पाहतात. मार्ग नीट वाचा. मरीन ड्राइव्हवर एनसीपीएपासून गिरगाव चौपाटी सुमारे तीन किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन सहाच. उरलेल्या चारांसाठी दुसरी, अर्धवट फेरी मारावी लागते आणि वळण चुकतं ते तिथेच. शुल्कातलं संस्थेला किती जाणार, हेही विचारावं. बिब बहुधा आदल्या दिवशी ओळखपत्र दाखवून मिळतो. त्याच्या मागे रक्तगट आणि घरचा फोन लिहा. मित्राचा बिब लावून धावलात नि कोसळलात, तर डॉक्टर भलत्याच घरी फोन करतील! छातीत दुखलं, गरगरलं, तर थांबून स्वयंसेवकाला हाक मारा. शेवटच्या किलोमीटरला तर नक्कीच, कारण सगळे जोर लावतात तो तिथेच.