९८ टक्क्यांच्या पुढचा प्रश्न

टोमॅटोच्या पानाचा फोटो पाहून रोग ओळखणारा प्रोग्रॅम हा संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षातला नेहमीचा प्रकल्प. 'प्लांटव्हिलेज' या खुल्या संग्रहातले फोटो वापरले की अचूकता सहज ९८ टक्क्यांवर जाते आणि गुणही मिळतात. परिषदेत मात्र एवढ्यावर भागत नाही, कारण २०१६ मध्येच संशोधकांनी याच संग्रहावर ९९ टक्क्यांहून अधिक अचूकता दाखवली आहे.

खरा विषय त्यांच्याच निबंधात आहे. वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर ती अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली. संग्रहातली पानं तोडून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवून टिपलेली. शेतात माती असते, सावल्या असतात, पानावर पान आलेलं असतं.

म्हणून प्रोग्रॅम तोच ठेवावा, प्रश्न बदलावा: नारायणगाव परिसरातल्या शेतांत मोबाइलवर काढलेल्या फोटोंत करपा कितपत ओळखता येतो? दोन-तीनशे फोटोंवर सुरुवात होते, पण रोगाचं निदान वनस्पतिरोगतज्ज्ञाकडूनच करून घ्यावं. यातले काही फोटो प्रशिक्षणाला वापरायचे असतील, तर विभागणी शेतांनुसार करावी. एकाच पानाचे फोटो प्रशिक्षण आणि चाचणी दोन्हींत गेले, तर आकडा उगाच फुगतो. अचूकता घसरली तरी निबंध उभा राहतो. लवकर येणारा करपा उशिराच्या करप्यात किती वेळा मिसळला, हे दाखवणारा तक्ता त्याचा गाभा असतो.