फोटोतला कुर्ता आणि हातातला कुर्ता

आमचा शिवणगट रोजच्या वापराचे सुती कुर्ते शिवतो. शिवण्याचं कौशल्य आमच्याकडे होतं, पण कपडा अंगावर घालून दाखवणारे फोटो नव्हते. मग गटातल्या एका ताईच्या मुलीनं मोबाईलवर शब्द लिहिले की चित्र काढून देणारं एआयचं साधन दाखवलं. आपण जे शब्द लिहितो त्याला प्रॉम्प्ट म्हणतात, म्हणजे चित्रासाठी दिलेली सूचना. ही सूचना कशी लिहायची आणि तिच्यावर कुठवर विसंबायचं, ते आज सांगतो. आम्ही आधी चुकलो, मग शिकलो.

आमचा कुर्ता असा आहे: गडद निळ्या रंगाचा जाडसर सुती कपडा, लांबी गुडघ्याच्या वर, पाऊण बाही, पुढे चार लाकडी बटणं आणि दोन्ही बाजूंना वरून लावलेले मोठे खिसे. पण पहिल्या वेळी आम्ही एवढंच लिहिलं, "सुंदर तरुणी, निळा कुर्ता, गावातलं वातावरण." चित्र आलं ते बघून सगळ्या हरखल्या. बाई गोरीपान, चेहरा बाहुलीसारखा गुळगुळीत, मागे तळं आणि डोंगर. तेच चित्र व्हॉट्सअॅपवर टाकलं. पाच कुर्त्यांची मागणी आली आणि त्यातले दोन परत आले. एका गिऱ्हाईक बाईनं विचारलं, "गळ्यावरची कशिदाकारी कुठं आहे?" तेव्हा आम्ही चित्र नीट पाहिलं. गळ्यावर कशिदा होता, कपड्याला रेशमासारखी चमक होती आणि खिसे नव्हतेच. जे आम्ही सांगितलं नाही, ते त्या साधनानं आपल्या मनानं भरलं होतं. येण्याजाण्याचं टपाल आमच्या खिशातून गेलं.

दुसऱ्या वेळी कुर्ता समोर ठेवून सूचना लिहिली. सगळ्यात आधी कपडा, कारण विकायचा तोच आहे. बटणं किती, बाही कुठपर्यंत, खिसे कुठं, सगळं लिहिलं. कपडा चमकत नाही, विणीचे धागे दिसतात, कोपरापाशी चुण्या पडतात, हेही लिहिलं.

मग उभं राहण्याची ढब. नुसतं "उभी आहे" म्हटलं की बाई ओळखपत्राच्या फोटोसारखी ताठ उभी राहते. हाताला काम दिलं की अंग सैल पडतं. आम्हाला खिसे दाखवायचे होते, म्हणून एक हात खिशात आणि दुसऱ्या हातात रिकामी कापडी पिशवी, अंगाबरोबर खाली सोडलेली. वजन एका पायावर, नजर थोडी बाजूला. हाताची घडी घातली किंवा पिशवी पोटाशी धरली, तर बटणं झाकली जातात. म्हणून ढब ठरवताना स्वतःला विचारा: या उभं राहण्यात कुर्त्याचा कोणता भाग लपतोय?

जोडीला काय घालायचं तेही ठरवलं. पांढरी सलवार, साधी चप्पल, कानात बारीक रिंगा, केसांची सैल वेणी. ओढणी नको, कारण ती पुढची बटणं झाकते. दागिना भारी असला की डोळा कपड्यावर न थांबता दागिन्यावर जातो.

जागेचं गणित रंगाचं आहे. निळ्या दारासमोर निळा कुर्ता हरवतो. म्हणून मातीनं सारवलेली भिंत आणि ओटा घेतला. उजेड सकाळचा, एका बाजूनं येणारा, कौलांच्या सावलीतला. दुपारचं ऊन लिहिलं की डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात आणि कपड्याचा रंग फिकट दिसतो.

शेवटी त्वचा. "सुंदर, निर्दोष, तेजस्वी" असे शब्द लिहिले की त्वचा प्लास्टिकची होते. आणि ती गुळगुळीत झाली की बऱ्याचदा कपड्याची वीणही पुसली जाते. शिवाय रंग सांगितला नाही, तर आमच्या चित्रांत बाई गोरीच यायची. सावळ्या अंगावर हा निळा कसा दिसेल, ते मग गिऱ्हाइकाला कळायचंच नाही. म्हणून आम्ही खऱ्या त्वचेच्या खुणा लिहिल्या: रंध्रं, तीळ, डोळ्यांच्या कडेच्या रेषा. "मेकअप नको" लिहिलं तर काही साधनं मेकअप हाच शब्द धरून बसतात. त्यापेक्षा काय हवं ते लिहावं.

आमची पूर्ण सूचना अशी झाली:

"चाळिशीतली सावळी मराठी बाई, मातीच्या भिंतीसमोर ओट्याजवळ उभी. अंगात गडद निळा जाडसर सुती कुर्ता, गुडघ्याच्या वर लांबी, पाऊण बाही, पुढे चार लाकडी बटणं, दोन्ही बाजूंना वरून लावलेले मोठे खिसे, गळा साधा. कपडा बिनचमकीचा, वीण स्पष्ट, कोपरापाशी चुण्या. पांढरी सलवार, साधी चप्पल, बारीक रिंगा, सैल वेणी. एक हात खिशात, दुसऱ्या हातात खाली सोडलेली रिकामी कापडी पिशवी, वजन एका पायावर, नजर बाजूला. सकाळचा मऊ उजेड डावीकडून. धुतलेला साधा चेहरा, रंध्रं दिसणारी त्वचा, गालावर तीळ, डोळ्यांच्या कडेला रेषा. डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण फोटो."

चित्र आल्यावर ते मोठं करून चार ठिकाणी बघायचं: हाताची बोटं, बटणांची संख्या, खिशांची जागा आणि सावल्यांची दिशा. आमच्या चित्रात बटणं पाच आली आणि पिशवीचा बंद मनगटात विरघळला होता. अशा वेळी सगळी सूचना बदलू नये. एकच वाक्य बदलावं, म्हणजे कशानं फरक पडला ते समजतं. काही साधनांना खऱ्या कुर्त्याचा फोटोही जोडता येतो. त्यानं चित्र जवळ जातं, तरी एखादी शिवण बदलतेच. फोटोत गटातली कुणी बाई असेल, तर तिला विचारल्याशिवाय तो जोडू नये.

तिसऱ्या खेपेला चित्र छान आलं. पण तेव्हाच आमच्या एका काकू म्हणाल्या, "बाई पण खोटी, कुर्ता पण खोटा. हा आपण कुठं शिवलाय?" त्यांचं बरोबर होतं. चित्र कितीही जुळलं तरी तो कपडा आमच्या मशीनवरून उतरलेला नाही. दिशाभूल करणारी जाहिरात ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसारही चालत नाही. म्हणून आम्ही ठरवलं की चित्र हा फक्त नकाशा. ढब, जागा, उजेड त्यावरून ठरवायचं आणि विक्रीचा फोटो खऱ्या कुर्त्याचा काढायचा.

मग त्याच काकूंना कुर्ता घातला आणि सकाळी ओट्यावर उभं केलं. मोबाईलची काच पुसली, चेहरा गुळगुळीत करणारी ब्युटी सोय बंद केली. दहा पावलं मागे जाऊन, मोबाईल कमरेच्या उंचीवर सरळ धरला. जवळून काढला की अंगाचा पुढे आलेला भाग उगाच मोठा दिसतो. सावलीच्या बाजूनं एकीनं पांढरी चादर धरली, म्हणजे उजेड परतून तोंडावर आला. काकूंच्या गालावरचे डाग दिसतात, तसेच खिशाचे टाकेही दिसतात. सोबत कापडाचा जवळून एक फोटो आणि टेप लावून लांबीचा एक.

सूचनेचा तो कागद आता शिवणयंत्राशेजारी भिंतीवर लावलाय. नवा कपडा शिवून झाला की त्यातली कपड्याची ओळ आधी बदलतो, तीही कपडा हातात घेऊन.