कुंडीतलं हिरवं

आषाढ सरता सरता बाल्कनीतल्या कुंड्यांच्या मातीवर हिरवा थर चढायला लागतो. आधी कडेकडेने, मग मधोमध, आणि मातीच्या कुंडी असतील तर त्यांच्या बाहेरच्या अंगालाही. बहुतेक घरांत त्यावरची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. कोणीतरी जुना चमचा घेऊन तो थर खरवडून काढतं, पंधरा दिवसांत तो पुन्हा येतो, आणि तोवर झाडाचं एखादं पान पिवळं पडलंच तर खापर शेवाळावर फुटतं. शेवाळ झाडाचं खत खातं, मुळांचा श्वास कोंडतं, हळूहळू झाडच मारतं, असं ठामपणे सांगणारे लोक प्रत्येक सोसायटीत भेटतात.

हे हिरवं म्हणजे एकच वस्तू नसते. बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागतो तो थर सूक्ष्म शैवालांचा असतो. त्यात हिरवी शैवालं असतात आणि निळी-हिरवी म्हणून ओळखले जाणारे जिवाणूही. पावसात अंगणात जेलीसारखे काळपट-हिरवे गोळे दिसतात, उन्हात ते सुकून कागदासारखे पातळ होतात आणि पुढच्या सरीला पुन्हा फुगतात. तो नॉस्टॉक, याच दुसऱ्या गटातला. मखमलीसारखा मऊ, उभा थर दिसतो ते मात्र मॉस. मोबाइलचा कॅमेरा अगदी जवळ नेऊन पाहिलं तर त्यात इवल्याइवल्या पानांचे तुरे दिसतात, आणि कधीकधी त्यांतून केसासारखा बारीक देठ वर आलेला, टोकाला बीजाणूंची डबी घेतलेला. गडकिल्ल्यांच्या भिंती पावसाळ्यात ज्याने हिरव्या होतात, तेच हे. बोलताना आपण दोन्हींना शेवाळच म्हणतो आणि त्याने फारसं बिघडत नाही, कारण कुंडीपुरता दोघांचा स्वभाव सारखा आहे.

तो स्वभाव असा, की दोघांनाही खरी मुळं नाहीत. मॉसला मातीला धरून ठेवणारे तंतू असतात, पण ते वरच्या काही मिलिमीटरांच्या खाली जात नाहीत आणि त्यांचं मुख्य काम पकडून राहणं हेच. पाणी आणि क्षार मॉस प्रामुख्याने पानांतूनच शोषून घेतं. स्वतःचं अन्न दोघंही प्रकाशात स्वतः बनवतात. म्हणजे ही बांडगुळं नव्हेत. झाडाच्या मुळांत शिरून त्यांनी काही ओढून घेण्याचा प्रश्नच येत नाही. थोडं नत्र आणि स्फुरद ती वरच्या थरातून घेतात हे खरं, पण जास्वंदीच्या वाढत्या रोपाला जे लागतं त्यापुढे ते नगण्य आहे, आणि थर मेला की त्यातला बराचसा भाग मातीतच परत जातो. उलट नॉस्टॉकसारख्या काही जाती हवेतलं नत्र मातीत आणतात. भातखाचरांची सुपीकता टिकून राहण्यात या निळ्या-हिरव्या जिवाणूंचा वाटा आहे, हे प्र. कु. डे यांनी 1939 साली दाखवून दिलं होतं. कुंडीतल्या पापुद्र्याकडून तेवढ्या खताची अपेक्षा अर्थातच करू नये. खाचर वेगळं, कुंडी वेगळी.

मग झाड मरतं कशाने? याचं उत्तर तुळशीच्या कुंडीत सगळ्यांत स्पष्ट दिसतं.

आठ इंची प्लॅस्टिकची कुंडी घ्या. आत लाल माती जास्त, शेणखत थोडं. खाली बशी, कारण पाणी खालच्या मजल्यावर गळलं की तक्रार येते. सकाळी पूजा झाली की तांब्याभर पाणी तुळशीला घातलं जातं. उन्हाळ्यात हा नेम झाडाला मानवतो. पावसाळ्यातही तो चालूच राहतो, कारण तो झाडाची तहान पाहून ठरलेला नसतो. आता हिशेब करून बघा. आठ इंच म्हणजे वीस सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीच्या तोंडावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर तीनशे मिलिलिटरहून थोडं जास्त पाणी आत जातं. ढगाळ, दमट दिवशी मध्यम आकाराच्या तुळशीची गरज तेवढ्यातच भागते. त्यावर पूजेचा तांब्या म्हणजे आणखी अर्धा ते पाऊण लिटर. जादा पाणी खालच्या भोकांतून बशीत उतरतं आणि बशी भरलेली असली की तिथेच थांबतं. कुंडीचा तळ चोवीस तास पाण्यात. मातीतल्या पोकळ्यांत हवेच्या जागी पाणी बसतं, मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो, आणि अशा गुदमरलेल्या मुळांवर पिथियमसारखे सडवणारे रोगजंतू सहज चाल करून जातात.

वर दिसणारं शेवाळही याच ओलीवर पोसलं जातं. त्याला हवं असतं तीन गोष्टींचं एकत्र येणं: सतत ओला पृष्ठभाग, थोडा उजेड आणि थोडं खत. तुळशीच्या या कुंडीत तिन्ही आयते मिळतात. म्हणून शेवाळ आणि मुळकूज एकाच वेळी दिसतात आणि पाहणाऱ्याला वाटतं, पहिल्यामुळे दुसरी झाली. खरवडल्याने तुळस वाचत नाही ती याचमुळे. थर गेला, ओल तशीच राहिली.

मात्र शेवाळ दिसलं म्हणजे मुळं सडली असंही नव्हे. वरचा एक सेंटिमीटर भिजट असून खालची माती उत्तम भुसभुशीत असू शकते, विशेषतः कोकोपीट घातलेल्या कुंडीत. श्रावणातल्या रोजच्या सरींत बाहेर ठेवलेली धडधाकट जास्वंदही वरून हिरवी होतेच. तेव्हा निकाल वरून देऊ नये, खाली बघून द्यावा. बोट दोन पेरं आत घालावं. शेवटच्या पाण्याला वा पावसाला दोन-तीन दिवस होऊनही आत चिखल लागत असेल, कुंडी उचलताना भरल्या बादलीसारखी जड वाटत असेल आणि तळाच्या भोकाला नाक लावल्यावर आंबूस, गटारासारखा वास येत असेल, तर गोष्ट गंभीर आहे. माती ओली असूनही झाड दुपारी मान टाकतं आणि खालची पानं पिवळी पडतात, ही आणखी एक खूण. लोक नेमके इथेच फसतात. झाड सुकलेलं दिसलं की आणखी एक तांब्या घालतात.

खात्री करायची असेल तर रोप मातीच्या गोळ्यासकट अलगद बाहेर काढावं. निरोगी मूळ पांढरट आणि ताठ असतं. सडलेलं तपकिरी आणि मऊ असतं, आणि चिमटीत धरून ओढलं तर वरची साल हातात येऊन आत नुसता दोरा उरतो. एकदा तो दोरा पाहिला की शेवाळाबद्दलचा वाद आपोआप मिटतो.

तुळशीच्या बाबतीत उपाय साधा आहे आणि पूजेत खंडही पडत नाही. पावसाळ्यात तांब्याऐवजी पळीभर पाणी घालावं. बशी काढून टाकावी, किंवा कुंडी विटेच्या दोन तुकड्यांवर उचलून ठेवावी म्हणजे तळ पाण्यात राहणार नाही. भोकं बुजली असतील तर खालून काडीने मोकळी करावीत. मुळं थोडीच सडली असतील तर सडका भाग कापून, निचऱ्याच्या नव्या मातीत रोप बसवावं आणि काही दिवस आडोशाला ठेवावं. बहुतेक मुळं गेली असतील तर ते झाड वाचवत बसू नये. मंजिऱ्यांतून नवीन रोपं सहज येतात.

शेवाळ अगदीच निरुपद्रवी आहे असं मात्र म्हणता येत नाही. त्याचे खरे उपद्रव तीन, आणि तिन्ही पुस्तकी भीतीपेक्षा वेगळे आहेत. पहिला पाऊस संपल्यावरचा. ऑक्टोबरच्या उन्हात जाड थर वाळून पापुद्रा होतो, त्यावर घातलेलं पाणी आत न मुरता कडेकडेने वाहून जातं. खालून पाणी निघालेलं दिसतं, आपण समाधान मानतो, आणि मधला मातीचा गोळा कोरडाच राहतो. दुसरा चिलटांचा. मातीवरून उडणारी, नाकापाशी येणारी ती बारीक काळी चिलटं ओल्या मातीत अंडी घालतात. त्यांच्या पारदर्शक अंगाच्या, काळ्या डोक्याच्या अळ्या बुरशी, शैवाल आणि कुजणारं खत खातात, आणि संख्या वाढली की कोवळी मुळंही. मोठ्या झाडाला त्याचं काही वाटत नाही, कोवळ्या रोपाला वाटतं. बटाट्याची काप मातीवर पालथी घालून दोन दिवसांनी उचलली की खाली अळ्या जमलेल्या दिसतात.

तिसरा उपद्रव बी पेरलेल्या ट्रेमधला, आणि माझ्या मते काळजी करण्यासारखा हाच. पिटुनियासारखं धुळीएवढं बी मातीवर नुसतं भुरभुरायचं असतं. ते रुजायला वेळ घेतं आणि तेवढ्यात शेवाळाची चादर वरून पसरली तर दोन-तीन मिलिमीटरचा कोंब तिच्याखाली अडकतो. इथे मोठ्या झाडाचा न्याय लावून चालत नाही. पाणी वरून न शिंपडता ट्रे खालून पाण्यात ठेवून भिजवावा, माती भिजली की काढून घ्यावा, आणि रोपांना खरी पानं येईपर्यंत खत घालू नये.

बाकीच्या कुंड्यांत एवढं पुरतं: वरचा सेंटिमीटरभर थर काढा, खुरपीच्या टोकाने माती हलकी मोकळी करा, आणि दोन पाण्यांमध्ये पृष्ठभाग कोरडा पडू द्या. काढलेला थर कंपोस्टच्या डब्यात जाऊ शकतो. मोरचूद मात्र कुंडीत घालू नका. बागायतदार ते चुन्याबरोबर बोर्डो मिश्रणात वापरतात म्हणून ते कुंडीलाही चालेल असं काहींना वाटतं. त्याने शेवाळ मरतं खरं, पण तांबं मातीत साचून राहतं आणि कुंडीएवढ्या मातीत ते मुळांना बाधायला वेळ लागत नाही. हळद, दालचिनी भुरभुरल्याने काही दिवस बरं वाटतं इतकंच. ओल आहे तोवर थर परत येणार.

कुंडीच्या बाहेरच्या हिरव्याला तर हातही लावायची गरज नाही. मातीच्या भाजलेल्या कुंडीच्या भिंतीतून पाणी पाझरतं म्हणून तिथे शेवाळ धरतं, झाडाशी त्याचा संबंध नाही. त्याच भिंतीवर पांढरे डाग दिसले तर ते शेवाळ नसून क्षार आहेत, बोअरच्या जड पाण्यातून किंवा रासायनिक खतातून आलेले, आणि ते वाढत असतील तर खत कमी करायची वेळ झाली असं समजावं. कुंडी रिकामी करून दुसऱ्या झाडासाठी वापरायची असेल तेव्हा काथ्याने घासून, धुऊन, दोन-चार दिवस कडक उन्हात ठेवावी. आधीचं झाड मुळकुजीने गेलं असेल तर जुनी माती त्या कुंडीत पुन्हा भरू नये.