रेटिंग सारखं, मग पगारवाढ वेगळी का?

पुण्यातल्या एखाद्या कंपनीत शेजारी शेजारी बसणारे दोघं धरू. नावं आणि आकडे समजुतीपुरते. मानसी आणि संदीप एकाच हुद्द्यावर आहेत, मॅनेजरही एकच. यंदाच्या अप्रेझलमध्ये दोघांनाही पाचपैकी ४ रेटिंग मिळालं. एप्रिलमध्ये पत्रं आली, तेव्हा मानसीला १४ टक्के वाढ होती आणि संदीपला ८. संदीपने मॅनेजरला गाठलं, तर उत्तर मिळालं, "सिस्टीममधूनच तेवढे आलेत." या उत्तरात खोटं काही नाही, फक्त निम्मी गोष्ट सांगायची राहून जाते.

ही सिस्टीम म्हणजे बहुतेक ठिकाणी चार-पाच ओळींचा एक तक्ता असतो. एचआरमधली मंडळी त्याला मेरिट मॅट्रिक्स म्हणतात. उभ्या बाजूला रेटिंग, आडव्या बाजूला तुमचा आजचा पगार त्या हुद्द्याच्या पगारपट्ट्यात कुठे बसतो ते. दोन्ही जिथे मिळतात त्या घरात तुमची टक्केवारी आधीच लिहिलेली असते.

पगारपट्टा ठरतो बाजारावरून. त्या कामाला इतर कंपन्या काय देतात हे पाहून कंपनी एक मधला आकडा धरते, त्याला मिडपॉइंट म्हणतात. आपल्या उदाहरणात तो १० लाख आहे, आणि पट्टा त्याच्या २० टक्के खाली-वर, म्हणजे ८ ते १२ लाख. मानसीचा पगार ८.५ लाख. त्याला मिडपॉइंटने भागलं की ०.८५ येतं. संदीपचा ११.५ लाख, म्हणून त्याचे १.१५. या भागाकाराला कंपा-रेशो म्हणतात. १ आला तर कंपनी तुम्हाला त्या कामाचा बाजारभाव देते आहे असं समजायचं. आता तक्ता पाहा.

| रेटिंग | ०.९० पेक्षा कमी | ०.९० ते १.१० | १.१० पेक्षा जास्त |
|---|---|---|---|
| ५ | १७ टक्के | १४ | १० |
| ४ | १४ | ११ | ८ |
| ३ | ११ | ९ | ६ |
| २ | ४ | २ | ० |
| १ | ० | ० | ० |

मानसी डाव्या खान्यात, संदीप उजव्या. तक्त्यात आणखी एक खोच आहे. उजव्या खान्यातल्या ५ रेटिंगवाल्याला १० टक्के मिळतात आणि डाव्या खान्यातल्या ३ वाल्याला ११. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे उलटंच वाटतं. पण तक्ता ज्याने बांधला त्याच्या मनात वर्षाच्या कामाचं बक्षीस एवढंच नव्हतं. चांगलं काम करणारा माणूस बाजारभावाच्या खाली असेल तर त्याला लवकर वर आणायचं, कारण नोकरी सोडून जाण्याची शक्यता त्याचीच जास्त. जो आधीच बाजारभावाच्या वर आहे, त्याचा वेग कमी ठेवायचा. वर्षभराच्या खास कामगिरीची पावती बोनसमधून, म्हणजे व्हेरिएबलमधून द्यावी असा यामागचा हिशेब असतो.

ज्यांच्या घरात सरकारी नोकरी आहे त्यांना सातव्या वेतन आयोगाचा पे मॅट्रिक्स ठाऊक असेल. नाव सारखं असलं तरी जात वेगळी. तिथे लेव्हल १० वर ५६,१०० मूळ वेतन असलेला अधिकारी पुढच्या वेतनवाढीला ५७,८०० वर जातो, म्हणजे साधारण ३ टक्के. त्याच्या शेजारच्या टेबलावरचाही तसाच एक घर पुढे सरकतो. खासगी तक्त्यात घर पुढे सरकण्याचा हक्क कोणालाच नसतो.

मग तक्त्यातले आकडे येतात कुठून? बजेटमधून. समजा शंभर माणसं, सरासरी पगार १० लाख, म्हणजे वर्षाचा पगारखर्च १० कोटी, आणि वाढीसाठी मंजूर ९ टक्के. कोणत्या घरात किती माणसं येतील याचा अंदाज बांधून सगळ्या घरांचा खर्च ९ टक्क्यांत बसेपर्यंत आकडे खाली-वर केले जातात. गडबड होते ती या अंदाजात. एचआरने धरलेलं असतं की पंचवीस जणांना ४ मिळेल, आणि मॅनेजर मंडळी पंचेचाळीस जणांना देऊन बसतात. जास्तीचे वीस जण मधल्या खान्यातले धरले, तर प्रत्येकामागे ९ ऐवजी ११ टक्के लागतात, आणि एकूण खर्च ०.४ टक्क्याने, म्हणजे ४ लाखांनी वाढतो. मग एक तर सगळी घरं थोडी थोडी कापायची, नाही तर वीस जणांचं रेटिंग ३ वर आणायचं. "बेल कर्व्हमध्ये तुझा ४ बसला नाही" हे जे सांगितलं जातं, त्यामागे बऱ्याचदा हे गणित असतं. माझ्या मते पहिला मार्ग प्रामाणिक आहे; दुसऱ्यात पैशांची अडचण माणसाच्या कामावर ढकलली जाते.

तक्त्याचा दुसरा दोष खान्यांच्या सीमेवर दिसतो. एकाचा पगार ८.९५ लाख, दुसऱ्याचा ९.०५ लाख, दोघांचं रेटिंग ३. पहिला डाव्या खान्यात, त्याला ११ टक्के, नवा पगार ९,९३,४५०. दुसरा मधल्या खान्यात, त्याला ९ टक्के, नवा पगार ९,८६,४५०. काल दहा हजारांनी मागे असलेला आज सात हजारांनी पुढे गेला, कामात काडीचाही फरक नसताना. म्हणून शहाण्या कंपन्या प्रत्येक घरात एकच आकडा न ठेवता ८ ते १० अशी मुभा ठेवतात आणि सीमेवरचे पगार हाताने तपासतात.

पण संदीपच्या बाबतीत खरी ग्यानबाची मेख पट्ट्यातच आहे. बाजार हलतो तसा पट्टाही दरवर्षी हलवावा लागतो. कंपनीने तो यंदा ५ टक्क्यांनी वर नेला, तर मिडपॉइंट १०.५ लाख होतो. संदीपचे ११.५ लाख त्याने भागले की १.०९५ येतं, म्हणजे तो मधल्या खान्यात येतो आणि त्याची वाढ ८ ऐवजी ११ टक्के होते. फरक वर्षाला ३४,५०० रुपयांचा. पट्टा हलवलाच नाही, तर मात्र ८ टक्क्यांनी त्याचा पगार १२.४२ लाख होतो, म्हणजे पट्ट्याच्या छताबाहेर. अशा वेळी काही कंपन्या १२ लाखांपर्यंतची वाढ पगारात घालतात आणि उरलेले ४२ हजार एकरकमी देतात. ही रक्कम पुढच्या वर्षीच्या वाढीसाठी धरली जात नाही, त्यामुळे पत्रातली टक्केवारी तीच दिसली तरी पुढच्या वर्षांचं नुकसान होतंच.

तेव्हा पत्र हातात आल्यावर "मला कमी का?" एवढंच विचारून फारसं काही हाती लागत नाही. माझा कंपा-रेशो किती, तो जुन्या पट्ट्यावर काढला की नव्या, आणि पट्टा शेवटचा बाजाराशी कधी ताडून पाहिला, हे विचारावं. बऱ्याच कंपन्या पट्टा उघड करत नाहीत, पण स्वतःचा कंपा-रेशो विचारल्यावर सांगणारे एचआर भेटतात. तीन वर्षं पट्टा हललाच नसेल तर १.१५ हा आकडा फसवा आहे. बाजाराच्या मानाने तो माणूस कदाचित १ च्या आसपासच असेल.

आणि पट्टा ताजा असूनही संदीप उजव्याच खान्यात असेल, तर पुढच्या वर्षी ५ रेटिंग मिळवूनही त्याला फार तर १० टक्के दिसतील. त्याला खाना बदलायचा असेल तर बँड बदलायला हवा. वरच्या बँडचा पट्टा १० ते १५ लाख आणि मिडपॉइंट १२.५ लाख असेल, तर त्याचे तेच ११.५ लाख तिथे ०.९२ वर, मधल्या खान्याच्या डाव्या काठाशी बसतात. मॅनेजरशी बोलायचं ते रेटिंगपेक्षा या बढतीबद्दल, आणि तेही एप्रिलचं पत्र येण्याच्या बरंच आधी, बजेटचे आकडे अजून ठरत असताना.