दुखवट्याचे पत्र

कचेरीत सकाळी एक कागद फिरतो. त्यावर एवढेच लिहिलेले असते, की अमुक सहकाऱ्याच्या वडिलांचे काल निधन झाले असून ते काही दिवस कामावर येणार नाहीत. वडील किती वर्षांचे होते, आजारी होते की धडधाकट होते, मुलाजवळ राहत होते की दूर गावी, यांतले काहीच कळत नाही. सहकाऱ्याशी ओळख आहे ती टेबलावरच्या कामापुरती. तरीही दोन ओळी धाडणे प्राप्त असते. लेखणी हाती घेतल्यावर अडते ते येथेच. कारण सांगण्याजोगे काही नाही आणि गप्प राहणे तर बरे दिसत नाही.

अशा वेळी बहुतेकांच्या मदतीला ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हे दोन शब्द धावून येतात. आता तर कचेरीच्या मोबाइलवरील समूहात ते एकाखाली एक वीसपंचवीस वेळा उमटतात. परंतु श्रद्धांजली वाहायची ती गेलेल्याला. पत्र जाणार आहे मागे राहिलेल्याकडे. ज्यांना लिहिणाऱ्याने कधी पाहिले नाही त्यांना अंजली वाहिली जाते, आणि ज्याच्या शेजारी बसून रोज काम केले त्याच्यासाठी मात्र एक शब्दही उरत नाही. जुन्या मराठीत या पत्राला ‘दुखवट्याचे पत्र’ म्हणत. दुखवटा हा जिवंत माणसाचा असतो. हा भेद ध्यानात आला की पत्र कोणाला लिहायचे हे ठरते, आणि अर्धी अडचण दूर होते.

उरलेली अडचण अज्ञानाची. ती कशी फसवते हे पाहण्यासाठी, बँकेच्या एका शाखेतील कारकुनाने आपल्या सहकाऱ्याला असे लिहिले आहे अशी कल्पना करू :

‘आपल्या पूज्य वडिलांच्या अकस्मात निधनाची वार्ता ऐकून धक्का बसला. त्यांचे प्रेमळ छत्र हरपल्याने झालेली आपली हानी कधीही भरून येणार नाही. ईश्वर मृतात्म्यास सद्गती देवो. आपण धीर धरून कुटुंबाला सावरावे. काही लागल्यास अवश्य कळवावे.’

वरवर पाहता यात वावगे काहीच नाही. भाषा शुद्ध आहे, हेतूही चांगला आहे. पण यातील बहुतेक प्रत्येक वाक्य लिहिणाऱ्याला ठाऊक नसलेली एखादी गोष्ट ठाऊक असल्यासारखी सांगते. निधन ‘अकस्मात’ झाले हे कशावरून? वडील कदाचित दोन वर्षे अंथरुणाला खिळून असतील, आणि मुलाने रात्री जागून काढल्या असतील. त्या सगळ्या शुश्रूषेवर हा एक शब्द पाणी फिरवतो. ‘प्रेमळ छत्र’ हे तर अधिक धोक्याचे. सर्वच वडील प्रेमळ नसतात. काही घर सोडून गेलेले असतात, काहींशी मुलाचे बोलणे कैक वर्षे तुटलेले असते. अशा मुलाचेही दुःख खरेच असते, किंबहुना ते अधिक गुंतागुंतीचे असते; पण हे वाक्य वाचताना त्याला वाटते, की हे पत्र दुसऱ्याच कोणासाठी लिहिले होते.

‘सद्गती’ या शब्दामागे एक विशिष्ट श्रद्धा आहे. सहकारी मुसलमान, ख्रिस्ती वा पारशी असू शकेल. हिंदू असूनही परलोक न मानणारा असू शकेल. वडिलांचे देहदान करून कोणताही विधी न करणारे घरही असू शकेल. त्या घरची रीत ठाऊक असेल तर तिला अनुसरून लिहावे; ठाऊक नसेल तर दहावा-तेरावा, आत्मा, स्वर्ग यांपैकी कशाचाच उल्लेख करू नये. ‘धीर धरावा, सावरावे’ ही आज्ञा झाली. ज्याच्या घरी कालच मृत्यू घडला आहे त्याच्यावर तिने आणखी एक कर्तव्य लादले. आणि ‘काही लागल्यास कळवावे’ हे वाक्य कितीही मनापासून लिहिलेले असो, त्यात काय लागेल याचा विचार करण्याचे काम दुःखी माणसाकडेच सोपवलेले असते. तो सहसा कळवत नाही.

मग उरते काय? जे खरोखर ठाऊक आहे ते. त्या कारकुनाला तीन गोष्टी ठाऊक होत्या : बातमी आपल्यापर्यंत पोहोचली, ती ऐकून आपल्याला वाईट वाटले, आणि त्या सहकाऱ्याच्या टेबलावर जूनअखेरची विवरणे अर्धवट पडली आहेत. या तिहींतून पत्र असे होते :

‘सप्रेम नमस्कार. आपले वडील गेल्याचे आज सकाळी कचेरीत समजले. ऐकून फार वाईट वाटले. या दिवसांत आम्हां सर्वांना आपली आठवण आहे. जूनअखेरची विवरणे मी पुरी करून वेळेवर पाठवीत आहे. त्यांची काळजी आपण करू नये. या पत्राला उत्तर धाडण्याची आवश्यकता नाही.’

यात एकही विशेषण गेलेल्या व्यक्तीला लावलेले नाही, म्हणून एकही खोटे ठरण्याचा संभव नाही. ‘गेले’ हा साधा शब्द कोणत्याही घरात चालतो. मदत मोघम नाही; ती लिहिणाऱ्याच्या हातातली आहे आणि ती झालेलीच आहे असे सांगितले आहे. शेवटचे वाक्य लहान असले तरी मोठे ओझे उतरवते, कारण आलेल्या प्रत्येक पत्राला पोच देणे हे दुखवट्याच्या घरातले एक कामच होऊन बसते. नेहमीच्या पत्रातले ‘लोभ असावा ही विनंती’ मात्र येथे गाळलेले बरे. या दिवसांत मागणे नको.

मराठीपुरती एक दक्षता आणखी घ्यावी लागते. आई आणि वडील या दोहोंना मिळून एकवचनी सोयीचा शब्द आपल्या बोलीत नाही. त्यामुळे ‘त्यांच्या घरचे गेले’ एवढीच अर्धी बातमी कानावर आली, तर आधी वरिष्ठांना किंवा शेजारच्या टेबलावर विचारून घ्यावे. हयात आईच्या नावाने आलेले दुखवट्याचे पत्र विसरले जात नाही. विचारण्याची सोय नसेल, तर ‘आपल्या घरच्या दुःखद घटनेची वार्ता समजली’ असे लिहून पुढचा मजकूर तसाच ठेवावा.

पत्र एकदोन दिवसांत जावे. उशीर झाला तर त्याची कारणे देत बसू नये. ‘बातमी समजली तेव्हाच लिहायला हवे होते’ एवढे एक वाक्य पुरते. ते समूहात न टाकता त्या व्यक्तीलाच धाडावे.

असे पत्र थोडे कोरडे वाटेल, आणि ते खरेही आहे. अपरिचयाला जेवढी ऊब शक्य असते तेवढीच त्यात असते. सहकारी कामावर परत आला की ‘कसे झाले?’ असे विचारू नये. त्याने सांगितले तर ऐकावे. त्या ऐकण्यातून वडिलांचे नाव कळेल, त्यांची एखादी सवय कळेल. पत्र लिहिताना जे ठाऊक नव्हते ते तेव्हा ठाऊक होईल, आणि मग बोलण्याजोगेही काही असेल. तोवर पुरी झालेली विवरणे त्याच्या टेबलावर असतील.