पंचांगातील एक ओळ

नमुन्याची ओळ

समजा, मुंबईच्या पंचांगात कार्तिक वद्य पक्षातील एका सोमवारी नोंद आहे : तृतीया ७:१५, चतुर्थी २९:३५ (क्षय), मृग ९:२०, सूर्योदय ६:४५, सूर्यास्त १८:००. यांतील तिथी आणि नक्षत्रापुढच्या वेळा समाप्तीच्या असतात. नवशिक्याची पहिली चूक त्यांना आरंभ समजण्याची. २९:३५ म्हणजे मध्यरात्रीनंतरही मोजणी पुढे नेऊन मिळणारी मंगळवारची पहाट, ५:३५.

तिथी

चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश सरकला की एक तिथी पूर्ण होते. चंद्राची गती कमीअधिक होत असल्यामुळे तिथी सुमारे २० ते २७ तासांची असते. घड्याळाच्या दिवसाशी तिचा मेळ बसत नाही, तो सूर्योदयाने बसवला जातो.

सूर्योदय

सूर्योदयाला जी तिथी चालू असते, तिचे नाव त्या दिवसाला मिळते. इथे सोमवारी ६:४५ला तृतीया आहे, म्हणून दिवस तृतीयेचा. चतुर्थी ७:१५ला सुरू होऊन मंगळवारच्या सूर्योदयाआधीच संपते. तिच्या वाट्याला एकही सूर्योदय येत नाही. हाच तिथीचा क्षय. तिथी नाहीशी होत नाही, फक्त दिवसाला नाव देण्याचा तिचा हक्क जातो. उलट, दोन सूर्योदय गाठणारी तिथी वृद्धितिथी.

तरीही संकष्टी याच सोमवारी, कारण संकष्टीला चंद्रोदयाची चतुर्थी लागते आणि त्या रात्री चंद्र उगवतो तेव्हा चतुर्थीच असते. दिवसाचे नाव एका नियमाने, व्रत दुसऱ्या नियमाने. ‘तृतीयेला संकष्टी कशी?’ हा गोंधळ इथूनच उपजतो.

नक्षत्र

नक्षत्र सूर्यावर अवलंबून नाही. चंद्रमार्गाचे २७ समान भाग केले, तर प्रत्येक भाग १३ अंश २० कलांचा. चंद्र ज्या भागात, ते दिवसाचे नक्षत्र. तिथीशी त्याचा संबंध महिन्याच्या नावातून दिसतो. कार्तिकी पौर्णिमेला चंद्र कृत्तिकेच्या आसपास असतो, म्हणून तीन दिवसांनी मृग येणे अपेक्षितच. तिथे हस्त किंवा स्वाती दिसले, तर वाचणाऱ्याने बहुधा दुसरी ओळ धरली आहे.

शुभवेळ

मुहूर्त हा दिनमानाचा पंधरावा भाग. इथे दिनमान सव्वाअकरा तासांचे, म्हणजे मुहूर्त ४५ मिनिटांचा. आठवा, अभिजित, १२:०० ते १२:४५. राहुकालासाठी दिनमानाचे आठ भाग धरतात आणि सोमवारी तो त्यांतला दुसरा असतो : सुमारे ८:०९ ते ९:३४. भागाकार गणिताचा असला, तरी कोणता भाग शुभ हे परंपरा ठरवते. आकाशात तसे काही दिसत नाही.

गावाचा फरक

तिथी सर्वत्र एकाच क्षणी संपते, सूर्योदय मात्र गावोगाव वेगळा. नोव्हेंबरच्या मध्यात नागपुरात तो मुंबईच्या सुमारे २० मिनिटे आधी होतो. तृतीया ७:१५ऐवजी ६:३५ला संपली असती, तर तोच सोमवार नागपुरात तृतीयेचा आणि मुंबईत चतुर्थीचा ठरला असता.